पान उलटून पाहा

द्राक्षबागांचा सल्लागार शेखर. त्याने उज्वलाला कामावरून काढलं, पण द्राक्षबागा पालथ्या घालून तिने काढलेले फोटो ठेवून घेतले. आज गिऱ्हाइकं मिळवायला त्याच फोटोंवर त्याचा फुकट वेबिनार होता. तीनशे बागायतदारांत उज्वलाही बसली होती.

पानामागची पांढरी बुरशी दाखवत तो म्हणाला, "हा भुरी रोग."

बागेत कधी पाय ठेवलास का रे, मेल्या! उज्वला मनात म्हणाली.

तिने चॅटमध्ये लिहिलं, "फोटो माझा आहे. पानाच्या वरच्या बाजूला तेलकट डाग होते, म्हणजे हा केवडा रोग, भुरी नव्हे. भुरीचं औषध मारून हा थांबणार नाही, घड जातील. उद्या दिंडोरीत बागेत फरक फुकट दाखवते."

"प्रश्न शेवटी घेऊ," शेखर चाचरला.

"सर, राहू द्या. ताई, नंबर द्या," भराभर मेसेज आले.

तिने नंबर टाकला, एकेक आकडा त्याच्या कानाखाली वाजवल्यासारखा.