कानशिलावरची ऊब

रमिलाबेनच्या कानशिलावरचे केस काथ्यासारखे राठ होते, रंगाला मुळीच दाद देत नसत. पंधरा दिवसांपूर्वी हिरलने चांगला पाऊण तास रंग ठेवला होता. डोक्यावर तो बसला, पण कपाळाच्या कडेला आणि दोन्ही कानशिलांवर चौथ्याच दिवशी पांढरं उघडं पडलं. तेही धड पांढरं नाही. धुळीत लोळल्यासारखं, मळकट, पिवळट. रंगाचा उरलेला अंश असेल, असं हिरलने तेव्हा मनाशी ठरवून टाकलं होतं.

परवा भाचीचं लग्न. मामेरं, म्हणजे मामाकडचा आहेर, घेऊन जाताना मामी म्हणून रमिलाबेन सगळ्यांच्या पुढे चालणार, आणि अख्खं ऊंझा गाव बघणार. तेव्हा हिरलने या वेळी केस आधी मऊ करून घ्यायचं ठरवलं होतं. राठ केसांची खवली मिटलेली असतात, रंग आत शिरतच नाही. एरवी रंगात मिसळायचं सहा टक्के पेरॉक्साइडचं डेव्हलपर नुसतं लावून पंधरा-वीस मिनिटं ठेवलं की ती थोडी उघडतात. मग धुवायचं नाही, फक्त टॉवेलने टिपायचं आणि वरून रंग लावायचा. कानामागे रंगाची चाचणी तिने दोन दिवस आधीच घेतली होती. खाज नाही, लाली नाही. केसांची बट कापून मात्र तिने काही पाहिलं नव्हतं. नुसतं डेव्हलपर तर लावायचंय, त्यात काय पाहायचं?

हिरलचं पार्लर घराच्याच पुढच्या खोलीत होतं. मार्केट यार्डाकडून जिऱ्याचा वास येत होता. मधल्या दाराच्या पलीकडे तिचा अडीच वर्षांचा हेत आजीशी बडबडत होता. हिरलचा एक कान नेहमी त्या दाराकडे असे. हेत जरा गप्प झाला, की तिचा हात थांबायचा.

तिने ब्रशने आधी कानशिलं भिजवली, मग कपाळाची कड, मग भांग. रमिलाबेन व्याह्यांच्या मानपानाचं सांगत होत्या. कुणी कुणाला कमी प्रतीची साडी दिली, कोण आहेर परत करणार. हिरल हं हं करत होती. पाच मिनिटं झाली असतील, रमिलाबेन बोलता बोलता थांबल्या.

"हिरल, तू काही गरम लावलंयस का गं?"

हिरलने हातमोजा काढून कानशिलाला बोट लावलं. ताप आलेल्या मुलाच्या कपाळासारखं ते पोळत होतं. केसांच्या मुळाशी बारीक बुडबुडे फुटत होते. आणि एक वास येत होता, ओल्या खिळ्यांसारखा. डेव्हलपरला असा वास नसतो.

केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. झालेल्या मुलीला पुढचं कुणी सांगायला नको होतं. तरी एक क्षण तिला वाटलं, आपल्याला भास होतोय.

तिने त्यांना हाताला धरून बेसिनपाशी नेलं, मान मागे टेकवली आणि गार पाण्याची धार सोडली. किती वेळ धुतलं, तिचं तिलाच कळलं नाही. डाव्या कानशिलावरून बोटं फिरवली, तसे चार-पाच केस तुटून तिच्या हातात आले. रमिलाबेनना तिने ते दाखवले नाहीत.

"काकी, खरं सांगा. डोक्याला काय लावता तुम्ही? काळी मेंदी? काही औषध?"

रमिलाबेन आधी रागावल्या. एवढ्या वर्षांची गिऱ्हाईक, आणि माझ्यावरच संशय? मग हळूच म्हणाल्या, मेंदी नाही, फक्त तेल. यार्डाबाहेर जीपमधून एक वैद्य येतो, त्याचं. बाटलीवर चिठ्ठी नाही, नाव नाही. तीन महिने लावलं की पांढरे केस आपोआप काळे होतात म्हणे. त्यांच्या कानशिलांवरची ती मळकट, पिवळट छटा त्या तेलाचीच होती.

म्हणजे रंग बसत नव्हता तो केस राठ होते म्हणून नव्हे, निदान तेवढ्यामुळेच नव्हे. केसांवर शिशासारख्या कुठल्या तरी धातूचा थर चढला होता. आणि धातूला लागलं की तापणारं डेव्हलपर, मागच्या खेपेला रंगात मिसळून सौम्य झालेलं, आज हिरलने त्या थरावर स्वतःच्या हाताने नुसतंच ओतलं होतं.

"अगं, त्यात काय एवढं?" रमिलाबेन टॉवेलने कान पुसत म्हणाल्या. "तुझ्या सासूबाईंना अर्धी बाटली मीच नाही का दिली? हेतचे केस पिंगट आहेत म्हणून. दाट होतात, काळे होतात."

मधल्या दारापलीकडे हेत हसत होता.

हिरलला ती बाटली आठवली. दर रविवारी हेतला न्हाऊ घालण्याआधी तीच तर ते तेल जिरवत असे, टाळूवर, कानामागे. त्याने तोंडात घातलेली ओली बोटं ती स्वतःच पुसायची आणि पुन्हा तेलाची वाटी उचलायची. किती रविवार झाले? तिने मोजायचा प्रयत्न केला आणि मध्येच सोडून दिला.

रमिलाबेनना तिने स्पष्ट सांगितलं: आज रंग नाही, परवाही नाही, ते तेल आजपासून बंद. केस पदराखाली झाकून चाला. त्या पुटपुटत, दुखावल्या चेहऱ्याने गेल्या.

ती आत आली तेव्हा सासूबाई, भानुबेन, हेतला शिरा भरवत होत्या. हिरलने सारं सांगितलं. भानुबेननी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "म्हाताऱ्या बाईच्या केसांचं घेऊन लेकराला कशाला घाबरवतेस? तेल म्हणजे तेल."

"मला त्याची एक बट हवीय, मम्मी. तपासून पाहते."

तेव्हा मात्र सासूबाईंचा हात ताटलीवरच थांबला. हेतची बाबरी, म्हणजे जावळ, बहुचरमातेला बोललेली होती. जन्मापासून त्या केसांना कात्री लागली नव्हती. पुढच्या चैत्रात मंदिरातच पहिल्यांदा उतरायचे होते. त्याआधी एक केसही कापायचा नाही, मग आई असो की आजी.

"देवीची ठेव आहे ती," त्या म्हणाल्या. "कात्री लावशील तर नंतर काय होईल त्याला जबाबदार तू."

जबाबदार. हिरल दोन्हीकडून तेच होती. तिने हेतला मांडीवर घेतलं. त्याला वाटलं, खेळ चाललाय. मानेवरची, एरवी कुणाला दिसणार नाही अशी बोटभर बट तिने धरली. कात्री एकदा हवेतच मिटली. दुसऱ्या खेपेला केस कापले गेले. भानुबेननी तोंड फिरवलं.

बटेतलं वरवरचं तेल निघावं म्हणून तिने ती शाम्पूने धुतली, कोरडी केली. खिडकी सताड उघडून काचेच्या वाटीत तेच डेव्हलपर घेतलं, अमोनियाचे वीस थेंब टाकले आणि बट आत सोडली. अर्धा तास थांबायचं असतं. धातू असला तर बुडबुडे येणार, वाटी तापणार; काही झालं नाही तर बरं. तिने वाटीला तळवा लावून ठेवला आणि घड्याळाकडे बघत बसली.

सहा मिनिटांपर्यंत वाटी गारच होती. हिरल आता श्वास सोडणार, एवढ्यात केसांभोवती एक बुडबुडा धरला. मग दुसरा. मग ओळीने. पिंगट केस टोकाकडून फिकट होत चालले होते.

हळूहळू तिच्या तळव्याखालची काच कोमट होत गेली.

भानुबेन कधी मागे येऊन उभ्या राहिल्या, तिला कळलं नाही. त्यांनी एक बोट वाटीला बाहेरून लावलं, तिथेच ठेवलं आणि मग चटका बसल्यासारखं मागे घेतलं. हेतकडे बघितलं. तो शिऱ्याची बोटं चाटत होता.

"हात धू त्याचे," त्या म्हणाल्या. आवाज त्यांचा वाटत नव्हता. "आणि मुलांच्या डॉक्टरांना फोन लाव. म्हणावं, रक्त तपासायचंय."

त्यांनी कपाटातली बाटली काढून पिशवीत घातली. तेल तळाशी बोटभरच उरलं होतं.