परिच्छेदांची पहिली वाक्यं

अमरावतीला माझ्या गाईड गीतांजली मॅडमनी पूर्वसंशोधनाचं प्रकरण परत सरकवलं. "मैथिली, प्रत्येक परिच्छेदाचं फक्त पहिलं वाक्य वाच."

मी वाचलं. अमक्यांनी २००८ मध्ये अभ्यास केला. तमक्यांनी २०११ मध्ये केला. बावीस परिच्छेद, बावीस नावं.

"हा तर हजेरीपट झाला. हे सारे मिळून काय सांगून राहिले? शुक्रवारी असंच आणलं तर सही नाही."

प्रबंध सादर करायची मुदतवाढ शनिवारी संपत होती.

अकोल्याला घरी माझ्या तान्ह्या लेकीला थोपटत सासूबाई म्हणाल्या, "जुईलीनं आज बाटलीच घेतली, रडली नाही." मी बरं म्हटलं.

दुसऱ्या दिवशी वर्षांचा क्रम मोडला. नोकरीमुळे स्तनपान लवकर सुटतं म्हणणारे एकीकडे, नाही म्हणणारे दुसरीकडे ठेवले. पहिल्यांनी सगळ्या नोकऱ्या एकत्र मोजल्या होत्या. दुसऱ्यांनी घरापासूनचं अंतर विचारलं होतं. कुठेच न बसणारे पाच अभ्यास काढले.

शुक्रवारी मॅडमसमोर पहिली वाक्यं पुन्हा वाचली. "नोकरीमुळे स्तनपान लवकर सुटतं, असं बहुतेक अभ्यास सांगतात. पण त्यांनी सगळ्या नोकऱ्या सारख्याच धरल्या. अंतर विचारलं की जवळ काम करणाऱ्या आया पाजत राहिलेल्या दिसतात. रोज दुसऱ्या शहरात जाणाऱ्या आयांना मात्र कुणी विचारलेलं नाही."

"आता एकातून एक निघालं," म्हणत मॅडमनी सही केली.

परतीच्या बसमध्ये मूर्तिजापूर आलं, तेव्हा लक्षात आलं की आज दिवसभर छाती दुधानं भरूनच आली नव्हती.