सहा नंबरची स्क्रिप्ट

बाग सेवनियातल्या त्या दोन खोल्यांच्या ऑफिसात डेटाबेस म्हणजे नीळकंठ काका, हे नव्या माणसाला पहिल्याच दिवशी कळायचं. कंपनी लहान, माणसं सहा, काम एकच: कारखान्यांच्या दवाखान्यांसाठी सॉफ्टवेअर. कामगाराचा रक्तगट, कुठल्या औषधाची ॲलर्जी, दर वर्षीची तपासणी, सगळं त्यात. मंडीदीपच्या तीन कारखान्यांत ते चालायचं, बिस्किटांच्या, बॅटरीच्या आणि सुताच्या, आणि प्रत्येकाचा डेटाबेस ज्याच्या त्याच्या सर्व्हरवर. चाचणीसाठी आणखी एक ऑफिसात. एखाद्या टेबलात कॉलम वाढवायचा झाला की काका आधी ऑफिसात वाढवायचे, मग, ऑफिसातून जोडता येत असूनही, शनिवारी स्कूटर काढून मंडीदीप गाठायचे आणि तिन्ही दवाखान्यांत बसून तोच हुकूम पुन्हा हाताने टाइप करायचे. फाइल नाही, चिठ्ठी नाही. "डोक्यात आहे सगळं," म्हणायचे, आणि कितीतरी वर्षं ते खरंही होतं.

मंजूषा उज्जैनहून इथे आली तेव्हा तिला दोन टेबलं जोडणारा साधा जॉइनही धड लिहिता येत नव्हता. काकांनी तिला शेजारी बसवून शिकवलं. पिपलानीच्या टाउनशिपमध्ये त्यांनी उमेदीची वर्षं काढलेली, मोठ्या कारखान्याच्या कॉम्प्युटर विभागात. तिथली शिस्त अंगात मुरलेली. टेबलाला कोणी ढिसाळ नाव दिलं तर "पोराचं नाव असं ठेवशील का?" म्हणून तिच्यावर खेकसायचे आणि दुपारी सिंधूकाकूंनी दिलेल्या डब्यातली थालीपीठं अर्धी तिच्या पुढ्यात सरकवायचे. बापाच्या माघारी तिच्यावर हक्काने रागावणारा माणूस तेवढाच उरला होता.

यंदा होळीनंतर सुताच्या कारखान्यात नवी आवृत्ती चढवली आणि औषधांचं पान उघडेना. जो कॉलम असायला हवा तो तिथे नव्हताच. काका म्हणाले, मी घातला होता. मालक सुधाकर सरांनी ते मान्य केलं. मंजूषाने मात्र चारही डेटाबेसचा नुसता आराखडा उतरवून घेतला, एकमेकांशेजारी ठेवला आणि फरक काढला.

जुनी सगळी टेबलं तंतोतंत जुळली. काकांनी आठ-नऊ वर्षं एका माणसाच्या डोक्यावर चार जागा सांभाळल्या होत्या आणि कुठे एक अक्षर हललं नव्हतं. गडबड गेल्या दिवाळीपासूनची. बॅटरीच्या कारखान्यात एक कॉलम अर्ध्याच लांबीचा. सुताच्या कारखान्यात रक्तगट दोनदा, दुसऱ्यांदा वेगळ्या नावाने, आणि तो रिकामा. तीन बदल तिथे पोचलेच नव्हते. जसजसा महिना पुढे, तसतशा चुका जास्त. हा निष्काळजीपणा नव्हता. गेल्या महिन्यात काकांनी तिला एकाच दिवसात दोनदा विचारलं होतं, आई बरी आहे का. आणि तेव्हा ती हसली होती. आता तिला त्या हसण्याची लाज वाटली.

तिने हे कोणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर सुधाकर सरांनी काकांना हार-नारळ देऊन त्याच आठवड्यात घरी बसवलं असतं, आणि घरी बसवलेले काका कसे दिसतील हे तिला पाहवणार नव्हतं. कामाशिवाय त्या माणसाकडे दुसरं काही नव्हतंच. तिने गुपचूप प्रत्येक डेटाबेसची डागडुजी केली, चारही एका आराखड्यावर आणले आणि मग सरांपुढे मायग्रेशन टूलची गोष्ट काढली. जगभर वापरतात, सर, आपणच मागे आहोत. तिच्या पोटातलं कारण वेगळं होतं. काकांच्या डोक्यावरचा भार उतरला की त्यांची चूक कोणाला दिसणार नाही, एवढा साधा तिचा हिशेब.

"म्हणजे आता मशीन मला सांगणार मी काय केलं ते?" काका म्हणाले.

"तसं नाही काका. प्रत्येक बदल एका फाइलीत लिहायचा आणि फाइलीला नंबर द्यायचा. आजचा आराखडा एक नंबर. पुढचा बदल दोन, मग तीन. प्रत्येक डेटाबेसमध्ये हे टूल स्वतःचं एक टेबल ठेवतं. कुठली फाइल चालली, कधी, कोणाच्या लॉगिनने. चाललेली फाइल पुन्हा चालत नाही, राहिलेली तेवढी नंबराने चालते. ऑफिसात जी चालली, अक्षरन् अक्षर तीच मंडीदीपला."

"आणि चाललेल्या फाइलीत मागाहून काही सुधारलं तर?"

"टूल अडतं. पुढे जाऊच देत नाही. सुधारायचं तर नव्या नंबरची फाइल लिहायची."

"हे बरंय," काका म्हणाले. "केलेलं पुसता येत नाही."

"पण एक पथ्य आहे. हाताने कुठेही काही करायचं नाही. टूलला फक्त आपल्या फाइली कळतात. मागच्या दाराने केलेला बदल त्याला दिसत नाही."

"नाही करणार," काकांनी शब्द दिला. दोन ते पाच नंबरच्या फाइली त्यांनीच लिहिल्या, देखण्या, वर दोन ओळी कशासाठी ते सांगणाऱ्या. त्या चारही ठिकाणी बिनबोभाट चालल्या. मंजूषाला वाटलं, आपण जिंकलो. तिने महिन्याभरात पहिल्यांदा पोटभर झोप घेतली.

सहा नंबरची फाइल ऐकण्याच्या तपासणीची होती. सुताच्या कारखान्यात यंत्रांच्या धडधडाटाने कामगारांचे कान जातात. तिथे सोमवारी सकाळी शिबिर, चारशे माणसं. डाव्या कानाचा एक कॉलम, उजव्याचा एक. फाइल काकांनी लिहिली, मंजूषाने तपासली. शुक्रवारी ऑफिसात, बिस्किटांकडे आणि बॅटरीकडे चालली. सुताच्या कारखान्याची वीज त्या दिवशी बंद, शनिवारी ऑफिसला सुट्टी, म्हणून तिथलं सोमवारी सकाळी करायचं ठरलं.

सोमवारी साडेआठला मंजूषाने ऑफिसातूनच टूल चालवलं आणि ते पहिल्याच ओळीला आपटलं. डाव्या कानाचा कॉलम तिथे आधीच होता. इतिहासाच्या टेबलात सहा नंबरसमोर 'अयशस्वी' अशी नोंद पडली. आराखडा सहा नंबरवर असल्याशिवाय सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती सुरूच होत नसे, तशी ती झाली नाही.

तेवढ्यात दवाखान्यातल्या सुभाष कंपाउंडरचा फोन. "मॅडम, लाइन गेट तक पहुँच गई है. डॉक्टर साहब चिल्ला रहे हैं."

सुधाकर सर खुर्ची सोडून तिच्या मागे येऊन उभे राहिले. "हा कॉलम कोणी घातला?"

लॉगिन दोघांचीच होती, मंजूषाचं आणि काकांचं. 

"मी नाही," काका म्हणाले. आवाज स्वच्छ होता, जरा दुखावलेला. "माझी फाइल आहे, मीच कशाला मागच्या दाराने जाऊ? शब्द दिलाय मी हिला."

ते खोटं बोलत नव्हते, हेच वाईट होतं. मंजूषाने कॉलम रिकामा असल्याची खात्री केली, तो काढून टाकला, टूलला सांगून अयशस्वी नोंद साफ केली आणि सहा नंबरची फाइल पुन्हा चालवली. दोन्ही कान जागेवर आले, सॉफ्टवेअर उठलं, रांग हलली. पण चारशे माणसं दीड तास उन्हात उभी राहिली होती, त्यातले निम्मे रात्रपाळी करून आलेले. सरांनी कारखान्याच्या आयटीवाल्यांकडून सर्व्हरची नोंदवही मागवली. कोणी कधी काय हुकूम दिला ते सगळं तिथे लिहिलेलं असतं.

दुपारी ती आली. शनिवार, सकाळी अकरा वीस, लॉगिन नीळकंठ, डावा कान. उजव्याआधीच कोणीतरी चहा विचारला असेल, किंवा सहज विसरले असतील.

काकांनी चष्मा पुसला आणि ती ओळ दोनदा वाचली. सर आता तोंड उघडणार, एवढ्यात ते म्हणाले, "सुधाकर, पाच मिनिटं आम्हाला दोघांना बसू दे."

सर बाहेर गेले.

"मंजू, मी शनिवारी तिथे गेलो होतो?"

"गेला असाल काका."

"मला आठवत नाही." ते स्क्रीनकडेच बघत होते. "चूक झाली म्हणून नाही वाईट वाटत. चुका मी रग्गड केल्यात. केली ते ठाऊक तरी असायचं." मग त्यांनी तिच्याकडे पाहिलं. "तुला माहीत होतं."

 तिला वाटलं होतं आपण त्यांना सांभाळून घेतोय; प्रत्यक्षात होळीपासून त्यांचं डॉक्टरकडे जाणं तिच्यामुळे लांबलं होतं. हे तिला त्या क्षणी लख्ख कळलं आणि रडू आवरेना.

"रडू नकोस. जे झालं ते झालं. सिंधूला मी सांगतो." त्यांनी कीबोर्ड ओढून घेतला. एकेका सर्व्हरवर जाऊन त्यांनी आपलं लॉगिन स्वतःच्या हाताने काढून टाकलं. बिस्किटं, बॅटरी, सूत. बोटं मुळीच अडखळली नाहीत. "फाइली मी लिहीन, तू तपास आणि तूच चालव. आणि मी परत मागितलं तरी द्यायचं नाही. गळ्याची शपथ घे."

तिने घेतली.

मंगळवार ते शुक्रवार काका ऑफिसात आले, सात नंबरची फाइल लिहिली, थालीपीठ वाटून खाल्लं. शनिवारी अकराच्या सुमारास मंजूषाचा फोन वाजला. सुभाष होता, दबक्या आवाजात.

"मॅडम, नीळकंठ सर आए हैं. लॉगिन नहीं हो रहा उनका. बार-बार डाल रहे हैं. डॉक्टर साहब भी यहीं खड़े हैं, बाकी लोग देख रहे हैं... लीजिए, बात कीजिए."

"मंजूषा," काका म्हणाले. पूर्ण नावाने त्यांनी तिला कधी हाक मारली नव्हती. "माझं लॉगिन कोणी काढलं?"

तुम्हीच, काका. शब्द ओठांवर आले होते. मागे डॉक्टर होते, सुभाष होता, रांगेतली माणसं होती, आणि एवढ्या सगळ्यांसमोर त्यांना ते कळलं असतं.

"मी काढलं," ती म्हणाली.



"शेजारी बसवून शिकवलं तुला," काका म्हणाले. "निदान विचारायचंस तरी."

"चुकलं, काका."

"दे परत."

"नाही देता येणार."

त्यांनी फोन सुभाषच्या हातात दिला. "सर चले गए, मॅडम," सुभाष म्हणाला. "बोले, अब उस लड़की से बात नहीं करनी."