स्क्रीनशॉटवरचं ‘आज’

सासऱ्यांनी, म्हणजे बाबांनी, घोळ घातला तोही साग्रसंगीत. फोन भरला म्हणून कानाच्या मशीनवाल्या दुकानदाराशी झालेलं सगळं चॅट पुसून टाकलं आणि वर ऐटीत सांगितलं, “त्या त्या दिवशीच स्क्रीनशॉट काढलेत, मी काय एवढा कच्चा नाही!” काढले होते खरे. पण तारखेच्या जागी बहुतेकांवर काय, तर ‘आज’. कुठलं आज? कप्पाळ!

दुकानदार म्हणत होता, वॉरंटीच्या वर्षात मशीन चालत नसल्याची तक्रारच नव्हती. ती होती हे दाखवता आलं नाही, तर बाबांना तसंच बहिरं राहावं लागणार होतं. दुसरं मशीन घरच्यांना झेपणारं नव्हतं.

ग्राहक मदत केंद्रातल्या बाईंनी बाबांचाच फोन मागून घेतला. “पुढे पाठवलेल्या फोटोंवर जाऊ नका, तारीख बदलते. मूळ फोटोचा तपशील उघडा. ‘आज’ म्हणजे स्क्रीनशॉट काढला तो दिवस, ‘काल’ म्हणजे त्याच्या आदला. खात्री नसेल तिथे सरळ ‘अंदाजे’ लिहा.”

सून लिहू लागली. तारीख, कोणाचा मेसेज, काय म्हटलं, कितवा फोटो. मशीन शिट्टी मारतंय. दुकानात ठेवून घेतलं. परत दिलं. पुन्हा तेच. सगळं वॉरंटीतलं! तिच्या जिवात जीव आला.

मग बाबांचाच एक मेसेज आला. ‘आता छान ऐकू येतं. त्रासाबद्दल क्षमस्व.’ त्यानंतर वॉरंटी संपेपर्यंत एक अक्षर नाही.

“हा गाळू या का?” तिने हळूच विचारलं.

“चॅट दुकानदाराकडेही आहे,” बाई म्हणाल्या. “तो नेमका हाच पुढे करेल आणि तुमच्या बाकीच्या खऱ्या तारखाही खोट्या ठरतील. लिहा.”

तिने तपशील उघडला आणि तारीख बघताच तिला आठवलं. घर रंगवायला काढलं होतं तो आठवडा. सामान अंगणात, डोकं ठिकाणावर नाही, आणि बाबा मशीन घेऊन मागे मागे. ती कडाडली होती, “पुरे करा हो ते मशीन-पुराण! सगळ्यांना वेठीला धरलंय!”

बाबा शेजारीच बसले होते. तिने कानाशी तोंड नेऊन मोठ्याने विचारलं, “तेव्हा खरंच ऐकू येत होतं?”

बाबा चपलांकडे बघत राहिले. “तू वैतागली होतीस गं. म्हटलं, मिटवून टाकावं.”

म्हणजे तेव्हापासून जेवताना, पाहुण्यांत, नातीच्या गोष्टींना ते जे हसून ‘हो हो’ म्हणत होते, ते सगळं न ऐकताच. आणि घरात सगळे म्हणायचे, बाबा आता किती शांत झालेत.

तिने तो मेसेज तारखेसकट कागदावर उतरवला. मग बाबांकडे वळली आणि आवाज न काढता नुसते ओठ हलवले.

बाबा हसले. मान डोलावून म्हणाले, “हो हो.”