अण्णांची पाच इंची पुल्ली

माझ्या नवऱ्यानं आपल्या सख्ख्या थोरल्या भावाला खोटा ठरवलं, तेही पिठाच्या मिलमध्ये, गिऱ्हाइकांच्या देखत. हे मी आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं त्यांच्यासाठी कुणाला फार कळवळा यायला नको. मला येतो, पण मी त्यांची बायको आहे, माझा इलाज नाही.

आमची मिल तंजावरात, करंदैच्या बाजूला. सासऱ्यांनी घातलेली. गल्लीत तिला अजून ‘मराठ्यांची मिल’ म्हणतात, जरी गल्लीतल्या कुणाला मराठी येत नाही आणि आमच्या घरातही निम्मं बोलणं तमिळच असतं. चक्की दगडांची, मोटर साडेसात घोड्यांची. चक्की सांभाळायचे माझे दीर, व्यंकोजी अण्णा. लग्न न केलेला माणूस. चक्कीशीच लग्न लावलंय, असं मी त्यांना चिडवायची आणि ते हसून म्हणायचे, “ही तुझ्यापेक्षा कमी बोलते.” वरुणराव, म्हणजे माझे यजमान, गल्ल्यावर बसायचे. तोंड गोड आणि डोकं गरम, असा माणूस गल्ल्यावरच शोभतो.

मिलचं नाव होतं ते ओल्या पिठामुळं. दिवाळीत इथं घरोघरी अधिरसम होतो, आपल्या अनारशाचा भाऊच. त्याला तांदूळ भिजवून, सावलीत थोडे निथळवून, ओलसर असतानाच दळावे लागतात. पीठ थंड आणि दमट उतरलं, तर अधिरसम फुगतो. दळताना तापून सुकलं, की तेलात टाकताच त्याचा भुगा होतो आणि बाई मिलवाल्याच्या नावानं खडे फोडते. अण्णा चक्कीच्या तोंडाखाली हात धरून पीठ घ्यायचे, मुठीत दाबायचे आणि गिऱ्हाइकासमोर मूठ उघडायचे. गोळा तसाच राहिला, की म्हणायचे, “थंड आहे.” बस, एवढंच. बायका त्या एका शब्दासाठी दोन गल्ल्या ओलांडून यायच्या.

मग बसस्टॉपजवळ नवी मिल उघडली, झटपट दळणारी. आमच्याकडची रांग पातळ झाली. वरुणरावांना झोप येईना. कुणीतरी सांगितलं, मोटरवरची पुल्ली मोठी करा, चक्की जोरात पळेल, त्याच वेळात दुप्पट दळण. ते ऐकून हे उठले आणि सात इंची पुल्ली घेऊन आले.

अण्णा म्हणाले, “नक्को रे वरुणा. तिला झेपायचं नाही.”

“कां नाही झेपायचं? मोटर तीच, वीज तीच. नुसती पुल्ली बदलायची.”

अण्णांना कारण सांगता येईना. तीस वर्षं चक्कीशेजारी उभा राहिलेला माणूस, त्याला कळत होतं, पण बोलून दाखवता येत नव्हतं. ते नुसते मान हलवत राहिले. थोरला भाऊ मान हलवतो आणि धाकटा पैसे मोजून वस्तू आणतो, तेव्हा कुणाचं चालतं ते सांगायला नको. अण्णा ओरत्तनाडूला एका लग्नाला गेले होते, त्या दिवशी यांनी जुनी पाच इंची पुल्ली काढली, मोटर रुळावर पुढं सरकवली आणि नवी चढवली.

चक्की पळाली खरी. आवाज बदलला, खालच्या सुरातली घरघर गेली आणि किंचाळल्यासारखं काही तरी सुरू झालं. थोडं दळून झालं की मोटर चालू-बंद करायचा स्टार्टर खटकन पडायचा आणि सगळं बंद. परत चालू करावं, परत बंद. तो पडू नये म्हणून हे वरून येणारा तांदूळ कमी करायचे. मग दळण पहिल्याइतकंच उतरायचं, वर तापलेलं. पट्टा घसरतो म्हणून तोही ताणून घट्ट केला. मी डबा घ्यायला गेले तेव्हा हाताला पीठ भाजलेल्या रव्यासारखं लागलं.

दिवाळी तोंडावर आली. पहिल्या तीन बायका अधिरसमाचा भुगा डब्यात घालून दाखवायला आल्या. त्यांच्यासमोरच स्टार्टर पडला आणि यांनी मागं वळून पाहिलं, तर अण्णांचा हात स्टार्टरच्या पेटीवर.

“आता कळलं!” हे ओरडले. “रोज तूच लाल बटण दाबतोस. माझी पुल्ली चालू नये म्हणून. मिल बुडाली तरी चालेल, पण तुझं खरं व्हायला पाहिजे!”

अण्णा म्हणाले, “पेटी तापलीय कां ते बघत होतो रे.”

“बापाच्या मिलचा वैरी आहेस तू.”

मी मध्ये पडले, तर मलाही ऐकावं लागलं. त्या तीन बायका डबे घेऊन खाली बघत उभ्या होत्या. त्यांना मराठी कळत नव्हतं, पण असलं काही कळायला भाषा लागत नाही. अण्णांनी हातावरचं पीठ पंच्याला पुसलं. घरी आले, पिशवीत नेसायच्या दोन वेष्ट्या भरल्या आणि पापनाशमला, बहिणीकडं, सुप्रभाकडं निघून गेले. जाताना मला म्हणाले, “वासुकी, त्याला म्हणावं पुल्ली बदल.” दुसरं एक अक्षर नाही.

दुसऱ्याच दिवशी स्टार्टर पुन्हा पडला. मी मिलच्या दारात उभी राहून विचारलं, “आता कोण दाबतंय बटण? अण्णांचा हात पापनाशमहून पोचतो काय?”

माणसाला लाज वाटली की तो चूक कबूल करतो, असं नाही. यांनी ठरवून टाकलं की अण्णांनी जाण्यापूर्वी स्टार्टर बिघडवून ठेवला. पेटी उघडून आतला आकडा यांनी वर फिरवला, म्हणजे तो लवकर पडू नये. पडेना मग. मोठ्या खुशीत होते. थोड्याच दिवसांत मोटरमधून जळका वास आला, धूर आला आणि मिल बंद झाली. ऐन दिवाळीत. मोटर उचलून मणीच्या दुकानात नेली. हा मणी गावातल्या निम्म्या मोटरींची वायंडिंग करतो.

मी रोज म्हणत होते, जाऊन अण्णांना घेऊन या. “मोटर दुरुस्त होऊ दे, मग बघतो,” असं उत्तर.

मोटर दुरुस्त व्हायच्या आधी सुप्रभाचा फोन आला. सकाळी आंघोळ करून अण्णा ओसरीवर बसले होते, बसल्या जागी गेले.

पापनाशमला यांनीच अग्नी दिला, दुसरं होतं कोण. डोळ्यांतून पाणी काढलं नाही. सुप्रभानं अण्णांची पिशवी दिली. तिच्यात एका वेष्टीत गुंडाळलेली आमची जुनी पुल्ली होती, तेल लावलेली, ती दांड्यावर पक्की करायच्या लोखंडी चावीसकट. हे माझ्या कानाशी म्हणाले, “बघ, ही पण घेऊन गेला होता.” तेव्हा मला इतका राग आला, की सुप्रभानं स्वयंपाकघरात मला जे सांगितलं होतं, ते मी यांना सांगितलंच नाही. सांगून उपयोग काय, असं वाटलं. ऐकायला माणूस जागेवर पाहिजे.

अकराव्या दिवशी मणी मोटर घेऊन आला. त्यानं ती बसवली, पट्टा चढवला आणि तारेला करंट मोजायचा, चिमट्यासारखा मीटर लावला. हे नाराजीनंच शेजारी उभे होते. रिकामी चक्की ठीक चालली. मणीनं मूठमूठ तांदूळ सोडायला सुरुवात केली, आणि मीटरचा आकडा चढत मोटरच्या पट्टीवर लिहिलेल्या आकड्याच्या पार पुढं गेला. त्यानं लगेच बंद केलं.

“ही पुल्ली कुणी बसवली?” त्यानं विचारलं.

“मी,” हे म्हणाले. “जास्त दळायला.”

मणी जमिनीवर उकिडवा बसला आणि खडूनं एक लहान चाक काढलं, एक मोठं. “पुल्ली ताकद वाढवत नाही, वरुणराव. मोटरची ताकद होती तेवढीच राहते. दगडाला प्रत्येक फेरीला दळायचा जोर लागतो. तो जोर काही कमी होत नाही. तुम्ही फेऱ्या वाढवल्या, म्हणजे तेवढाच जोर जास्त वेळा मागितला. साडेसातच्या मोटरकडं दहा घोड्यांचं काम. ती कुठून देणार? जास्त करंट ओढते, तापते.”

“पण स्टार्टर…”

“तो तापला की आपोआप पडतो, मोटर वाचवायला. बटण दाबावं लागत नाही. तुम्ही त्याचा आकडा वर केलात, म्हणून तो पडायचा थांबला आणि मोटर जळली.”

“आणि दळण का वाढलं नाही?”

“तांदूळ कमी सोडत होतात ना, पडू नये म्हणून? मग दगड रिकामे एकमेकांवर घासत राहिले, जोरात. पट्टा ताणून बेअरिंगही आवळलंत. वीज खाल्ली सगळी आणि तिची नुसती ऊब झाली. ती पिठात गेली. पीठ सुकलं.” मणीनं खडू टाकला. “मोठे अण्णा होते, त्यांना हे ठाऊक नव्हतं काय? दोन वेळा माझ्या दुकानावरून जाताना म्हणाले होते, मोटरला ताप येतो, वरुणाला सांग. मी म्हटलं, तुम्हीच सांगा.”

हे खडूच्या चाकांकडं बघत उभे होते. हात लटकत होते. तेव्हा मी ते सांगितलं.

“सुप्रभा म्हणाली, अण्णा रोज ती पुल्ली पुसायचे. तिनं विचारलं, कशाला आणली? तर म्हणाले, तिथं ठेवली असती तर वरुणानं रागात भंगारात घातली असती. एक दिवस त्याला लागेल. मागायला येईल तो. बस आली की उठून बघायचे, म्हणे.”

वरुणराव पोत्यावर बसले आणि रडले. लग्नाला इतकी वर्षं झाली, मी त्यांना तसं रडताना पाहिलं नव्हतं. मणी उठून बाहेर गेला. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला नाही. खरं सांगते, मनात आलं होतं, पण हात उठला नाही.

बाराव्या दिवशी सकाळी त्यांनी स्वतः जुनी पुल्ली चढवली. वेष्टीचा तुकडा फाडून तेल पुसलं, चावी ठोकली, मोटर मागं सरकवली, पट्टा बेतानं ताणला. स्टार्टरचा आकडा मणीनं खाली आणला. मी तेराव्याच्या अधिरसमासाठी भिजवलेले तांदूळ घेऊन आले. अण्णांना तो फार आवडायचा आणि दुसऱ्या दिवशी पानावर ठेवायचा होता.

चक्की सुरू झाली. तीच खालच्या सुरातली घरघर, दोन महिन्यांत ऐकली नव्हती. मीटरचा आकडा आपल्या जागी होता. मी तांदूळ सोडत राहिले आणि तोंडातून पांढरं पीठ उतरू लागलं. वरुणरावांनी त्याखाली हात धरला, मूठ दाबली आणि उघडली. गोळा तसाच राहिला.

त्यांचा चेहरा एकदम उजळला. चक्कीच्या आवाजात, सवयीनं, चक्कीमागच्या अण्णांच्या जागेकडं न बघताच ते मोठ्यानं ओरडले, “अण्णा, थंड आहे!”

मी तांदूळ सोडायची थांबले. ते हात तसाच पुढं धरून उभे होते, गोळा दाखवत, आणि मागच्या जागेत कुणी नव्हतं.