लवकरात लवकरची तारीख

नूर महंमद बांधकाम खात्यातून चौकीदार म्हणून निवृत्त झाला, चार वर्षं पेन्शन खाल्ली आणि गेला. आता ती त्याच्या बायकोच्या, अकबरीच्या नावावर व्हायची, म्हणून कोषागारातून पत्र आलं: मंगळवारी समक्ष हजर राहा, ओळख पटवायची आहे. अकबरी गेली नाही. ती इद्दतीत होती. नवरा गेल्यावर चार महिने दहा दिवस बाईनं उंबरा ओलांडायचा नाही. पोटासाठी दिवसा गेलं तर चालतं, असं मौलवीसाहेब म्हणाले होते, पण तिचं मनच घेईना.

घरात मिळवतं दुसरं कोणी नव्हतं. लेकीचा, मेहरुनचा निकाह तोंडावर होता.

नूर महंमदच्याच कचेरीतला निवृत्त कारकून जीवराम देवपुरात तिच्या घरी येऊन ओट्यावर बसला, अर्ज लिहायला मांडीवर कागद घेतला. अकबरी पडद्याआड.

"भाभी, आजारी व्हती, आसं लिखी देस. बठ्ठा तेच लिखतस."

खरंच आहे. सरकारी अर्जात दुःख कुणाला होतच नाही, सगळ्यांना तापच येतो.

"नको, भाऊ. ह्यांच्या कागदावर खोटं नको. आणि उद्या डॉक्टरचा दाखला मागितला तर?"

जीवराम वरमला. त्यानं लिहिलं नि वाचून दाखवलं: "पतीच्या निधनामुळे मी आमच्या धर्माप्रमाणे इद्दतीत असल्याने नेमल्या दिवशी हजर राहू शकले नाही. तरी लवकरात लवकरची तारीख मिळावी, ही नम्र विनंती." तिनं अंगठा उठवला.

उत्तर झटपट आलं. येता सोमवार. इद्दत संपायला तर अजून महिना होता.

जीवरामनं कपाळावर हात मारला. इद्दत कधी संपते ते लिहायचंच राहिलं होतं. उभा जन्म त्यानं अर्जाचा शेवट 'लवकरात लवकर'नंच केला. हाताला वळण पडलेलं. "चूक मनी शे, भाभी. दुसरा अर्ज लिखस."

अकबरीला त्याचा राग आला होता, आणि रागावून उपयोग नाही हेही कळत होतं. मागून घेतलेली तारीखही चुकवली, तर तिसरी कोण देणार?

"राहू द्या," ती म्हणाली. "जाते मी."

सोमवारी पांझरा नदीच्या पुलावरून ती जीवरामच्या मागं खाली मान घालून गेली. आपण काही मोडतो आहोत, असं पावलोपावली वाटत होतं.

कोषागाराच्या खिडकीतल्या कारकुनानं पेन्शनचे कागद उघडले. "बाई, चेहरा दाखवा."

तिनं बुरखा वर केला, आणि कागदावर नजर गेली. निवृत्तीच्या वेळी दोघांचा मिळून काढलेला फोटो तिथं चिकटवलेला होता. सगळ्या प्रती कचेरीत दिल्या होत्या. घरात नूर महंमदचा एकही फोटो नव्हता.

कारकुनानं फोटोकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, अंगठा घेतला. "झालं. पटली ओळख." तो कागद मिटू लागला.

"साहेब," अकबरीनं खिडकीच्या गजाला धरलं, "कागद जरा वेळ उघडेच राहू द्या."

मागं रांग होती. कारकुनानं कागद तिच्याकडे वळवून ठेवला.