खोकं एकाचं, खेळणं भलत्याचंच

मावशीच्या पाळणाघरासाठी खेळणी निवडायचं काम या वेळी भिंगरीकडे आलं होतं. आलं कसलं, तिने ते भांडून मिळवलं होतं.

"दीड वर्षाची पोरं म्हणजे चालती-फिरती तोंडं," मावशीने बजावलं. "चुकलीस तर पुढच्या वेळी मीच जाईन."

म्हणून भिंगरीने दुकानात डोळ्यांत तेल घालून पाहिलं. शिट्टीवालं बदक आवडलं होतं, पण त्यावर 'तीन वर्षांखालील मुलांना नको' अशी खूण होती. परत! बनवणाऱ्याचा पत्ताच नसलेला खुळखुळा. तोही परत!

"अगं, खेळणं घेतेयस की लग्नाचं स्थळ बघतेयस?" दुकानदारकाका वैतागले.

"स्थळाला कुणी चावत नाही, काका!"

शेवटी लाकडी कड्यांचा मनोरा पसंत पडला. खोक्यावर सगळं जागच्या जागी: वय दीड वर्षापासून पुढे, सुरक्षेचा शिक्का, कारखान्याचं नाव-पत्ता, बिनविषारी रंग. भिंगरी अशा तोऱ्यात परतली, जणू मनोरा तिनेच रंधा मारून घडवला होता.

पोरं झोपली होती. नवं खेळणं त्यांच्या हाती देण्याआधी मावशीने नेहमीचंच केलं. पांढरा रुमाल ओला करून कड्यावर खसाखसा घासला. रुमालावर लालभडक पट्टा उमटला.

भिंगरीने खोकं पुढे केलं. "पण खोक्यावर तर..."

"पोरं खोकं चाटणार आहेत की कडं?"

भिंगरीने खोक्यावरचं चित्र नीट पाहिलं. चित्रात पाच कडी, हातात सहा. टोकावरचा मणी तर फिरवताच निघाला आणि मावशीने मापासाठी ठेवलेल्या पुठ्ठ्याच्या नळीत टाकताच टपकन खाली पडला. जे नळीतून जातं, ते पोराच्या घशातही अडकू शकतं. मनोऱ्याच्या बुडावर ना शिक्का, ना नाव.

काकांवर खापर फोडणं सोपं होतं. जिभेवर आलंही होतं.

"मी नुसतं खोकं वाचलं, मावशी," ती म्हणाली. "उघडून पाहिलंच नाही."

मावशीने मनोरा पिशवीत घातला. "जा मग."

"खोकी फाटतात गं," दुकानात काका म्हणाले. "सुटा माल मग ज्यात बसेल त्यात भरतो."

"रंग सुटतोय, काका. म्हणजे विषारीच असेल असं नाही. पण बनवला कुणी तेच ठाऊक नाही, मग विचारायचं कुणाला?"

काकांनी डोकं खाजवलं, फळीवरचे सुटे मनोरे गुपचूप खाली उतरवले आणि आतून एक सीलबंद खोकं आणलं. भिंगरीने ते तिथेच उघडलं. कडी पाच. टोक ओढलं, हललं नाही. बुडावर तोच शिक्का, तेच नाव.

"आता जरा पाणी द्या."

"रुमाल आणलायस?"

"दोन!"

दोन्ही पांढरेच राहिले.

पाळणाघरात मावशीने तिसरा रुमाल घासून पाहिला, तो उजेडात धरला आणि पुठ्ठ्याची नळी भिंगरीच्या हातात ठेवली.

"पुढच्या महिन्यात ठोकळे घ्यायचेत. जाताना ही विसरू नकोस."